पीठ फुगतं कुणामुळे, आंबतं कुणामुळे

इडलीचं पीठ कशामुळे फुगतं, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येतं: यीस्टमुळे. पाव यीस्टनं फुगतो हे आपल्याला माहीत असतं, म्हणून इडलीलाही आपण तोच न्याय लावतो. पण इडलीच्या पातेल्यात मुख्य काम करणारा जीव यीस्ट नाही, तो एक जिवाणू आहे. त्याचं नाव ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स. सूक्ष्मदर्शकाखाली तो गोलसर दिसतो, बहुधा दोन-दोनच्या जोडीनं किंवा छोट्या माळेसारखा. १९६५ साली ‘अप्लाइड मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात मुखर्जी, पेडरसन, स्टाइनक्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा इडलीच्या पिठावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पिठात कोणते जीव कोणत्या वेळी वाढतात हे त्यांनी तपासलं आणि फुगण्याचं श्रेय या जिवाणूला दिलं. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूनं एकट्यानं पीठ फुगवल्याची आपल्या माहितीतली ही पहिलीच नोंद आहे, असंही त्यांनी लिहून ठेवलं.

पेडरसन यांचं नाव या निबंधावर असावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या कृषी संशोधन केंद्रात त्यांनी कोबीच्या आंबवलेल्या लोणच्यावर, म्हणजे साउअरक्राउटवर, अनेक वर्षं काम केलं होतं. त्या कोबीचीही सुरुवात हाच ल्युकोनोस्टॉक करतो. आपल्याकडच्या साखर कारखान्यांनाही तो चांगला परिचयाचा आहे, मात्र शत्रू म्हणून. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की कापलेल्या टोकांतून तो आत शिरतो, उसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ बनवतो, रस चिकट होतो आणि साखरेचे दाणे नीट पडत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यात ज्याच्या नावानं बोटं मोडतात, तोच आपल्या स्वयंपाकघरात रात्रभर राबत असतो.

तो पिठात येतो कुठून? बाहेरून काही घालावं लागत नाही. दही नको, ताक नको, आदल्या वेळचं पीठ नको. डाळ आणि तांदूळ शेतातून येतात तेव्हाच त्यांच्या अंगाला हे जिवाणू चिकटलेले असतात. दाणा कोरडा असतो तोवर तेही निपचित असतात. आपण डाळ भिजत घातली की दाण्याबरोबर त्यांनाही पाणी मिळतं, आणि पीठ वाटायच्या आधीच, भिजण्याच्या त्या चार-पाच तासांतच त्यांची वाढ सुरू होते. हातानं पीठ कालवल्यावर चांगलं येतं अशी समजूत आहे. हातावरचे जिवाणू त्यात जातात हे खरं, पण त्यांच्यावाचून अडत नाही. जुन्या ग्रंथांतली पद्धत मात्र वेगळी होती. साधारण १०२५ सालच्या ‘लोकोपकार’ या कन्नड ग्रंथात उडीद ताकात भिजवून वाटायला सांगितले आहेत. म्हणजे तिथे आंबवणारे जिवाणू ताकातून आयते येत असणार. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथातही इडलीसारखा पदार्थ आहे, पण तोही नुसत्या उडदाचा. तांदळाची साथ आणि रात्रभर आंबवणं या गोष्टी या पदार्थाला नंतर जोडल्या गेल्या, असं अन्नाचे इतिहासकार के. टी. अचया यांचं म्हणणं होतं.

आता एक पातेलं डोळ्यांसमोर ठेवू. एक वाटी उडदाची डाळ, तीन वाट्या उकडा तांदूळ, दोन्ही वेगवेगळे भिजवून वेगवेगळे वाटलेले, मग एकत्र कालवलेले. पाणी धरून समजा एक लिटर पीठ झालं. रात्री नऊला झाकण ठेवलं. स्वयंपाकघरात तीस अंशांच्या आसपास ऊब आहे. अकराला झाकण उघडून पाहिलं तर काहीच घडलेलं दिसत नाही. एकला उठून पाहिलं तरी जेमतेम फरक. पहाटे पाचला मात्र पीठ वर आलेलं असतं, आणि सातपर्यंत ते दुपटीला पोचतं. सगळी धावपळ शेवटच्या काही तासांत झाल्यासारखी दिसते. असं का व्हावं?

याचं कारण जिवाणूंच्या वाढीच्या हिशेबात आहे. एकाचे दोन, दोनाचे चार असे ते वाढतात. सुरुवातीला एक ग्रॅम पिठात समजा लाखभर जिवाणू होते. आंबलेल्या पिठात ही संख्या शंभर कोटींच्या घरात जाऊ शकते. लाखाचे शंभर कोटी व्हायला साधारण तेरा वेळा दुप्पट व्हावं लागतं. बाराव्या दुपटीनंतर ते शेवटच्या संख्येच्या निम्मेच असतात, दहाव्यानंतर आठव्या हिश्श्याइतके. म्हणजे रात्रीचा बराच मोठा भाग संपला तरी कामकऱ्यांची फौज अजून अपुरीच असते. म्हणूनच ‘रात्री दोनला पाहिलं, काहीच नाही, सोडा घालू का?’ या घाईला अर्थ नाही. पीठ तेव्हा थांबलेलं नसतं. त्यात फौज उभी राहत असते.

या फौजेचं खाणं म्हणजे साखर. ती आपण घातलेली नसते. उडदात आणि तांदळात थोडी मोकळी साखर मुळातच असते, आणि भिजलेल्या दाण्यातली विकरं पिष्टाचे तुकडे करून आणखी थोडी मोकळी करतात. उकडा तांदूळ, मूठभर पोहे किंवा चमचाभर शिजलेला भात वाटताना घालण्याची रीत आहे, तिचा उपयोग इथे होतो. एकदा शिजलेलं पिष्ट फुललेलं असतं, त्यामुळे विकरांना ते तोडायला सोपं जातं आणि जिवाणूंना साखर लवकर मिळते. कच्च्या तांदळाचं पिष्ट घट्ट बांधलेलं असतं. त्यातलं फार थोडं रात्रभरात सुटतं.

साखरेचं पुढे काय होतं, तिथे या गोष्टीचा गाभा आहे. ग्लुकोजचा एक रेणू ल्युकोनोस्टॉकच्या हाती पडला की तो त्याचे तीन पदार्थ करतो: एक रेणू लॅक्टिक आम्ल, एक रेणू अल्कोहोल आणि एक रेणू कार्बन डायऑक्साइड वायू. (अल्कोहोलच्या जागी कधी अ‍ॅसेटिक आम्लही तयार होतं.) म्हणजे एकाच कामातून आंबटपणाही येतो आणि वायूही. आंबटपणा पिठात विरघळून राहतो, वायू बुडबुड्यांत शिरतो.

आपल्या पातेल्याचा हिशेब मांडून पाहू. एक लिटर पीठ दुप्पट व्हायचं तर साधारण एक लिटर वायू हवा. तीस अंशांच्या उबेत १८० ग्रॅम ग्लुकोजपासून या मार्गानं सुमारे २५ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तेव्हा एका लिटरला सात ग्रॅमांच्या आसपास साखर पुरते, म्हणजे चहाचा दीड चमचा. अख्खं पातेलं काठाला आणायला लागणारं इंधन एवढंसं असतं! थोडा वायू पिठात विरघळतो, थोडा वरून निसटतो, म्हणून प्रत्यक्षात याहून काही जास्त साखर खर्च होते. या सात ग्रॅमांबरोबर साडेतीन ग्रॅमांच्या जवळपास लॅक्टिक आम्लही तयार होतं. तेवढ्यानं पिठाला तो सुखद, सौम्य आंबटपणा येतो. ताज्या पिठाचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा, सहाच्या आसपास असतो. फुगलेल्या पिठात तो साडेचारच्या आगेमागे आलेला आढळतो. अल्कोहोल दीड-दोन ग्रॅम होतं आणि बरंचसं वाफवताना उडून जातं.

पण वायू तयार होणं वेगळं आणि पीठ फुगणं वेगळं. नुसते तांदूळ वाटून ठेवले तर तेही आंबतात, त्यातही वायू होतो, पण तो वर येऊन फुटतो आणि तांदळाचा रवा तळाशी बसतो. वायू धरून ठेवण्याचं काम उडीद करतो. गव्हाच्या पिठात ते काम ग्लुटेन करतं. तांदळात आणि उडदात ग्लुटेन नसतं, तरीही उडदाचं पीठ फुगा धरून राहतं, यामागे त्यातले दोन घटक आहेत. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत सुशीलम्मा आणि राव यांनी १९७०च्या दशकात ते वेगळे काढून तपासले. एक आहे उडदातलं प्रथिन. ते पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जाऊन बसतं आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतं. दुसरा आहे अ‍ॅरॅबिनोगॅलॅक्टन हा लांबलचक साखळीचा पदार्थ. भिजलेली उडदाची डाळ बोटांत चोळली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, त्याच्यामागे हा आहे. त्यामुळे बुडबुड्यांमधलं पाणी घट्टसर राहतं, ते चटकन खाली निथळत नाही आणि बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. प्रथिन भिंत बांधतं आणि हा चिकट पदार्थ ती खचू देत नाही.

उडीद वाटताना हे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं. डाळीत गार पाणी एकदम न ओतता थोडं-थोडं घालत वाटत राहावं. सुरुवातीला वाटण पिवळसर, जड आणि खरखरीत असतं. हळूहळू ते पांढरं होत जातं, आवाज बदलतो, आणि भांड्यात ते वर चढू लागतं. हा वाढलेला आकार हवेचा आहे. आता पाण्याच्या वाटीत त्याचा एक थेंब सोडावा. तो तरंगला तर वाटण पाण्याहून हलकं झालं, म्हणजे त्यात पुरेशी हवा कोंडली गेली. बुडाला तर अजून वाटायला हवं. ही परीक्षा आज्या-पणज्या करत आल्या आहेत आणि ती अगदी नेमकी आहे. कारण रात्री जिवाणू जो वायू सोडतात, तो शून्यातून नवे बुडबुडे क्वचितच तयार करतो. तो आधी पाण्यात विरघळतो आणि मग वाटताना कोंडलेल्या बारीक-बारीक बुडबुड्यांमध्ये शिरून त्यांना मोठं करतो. इडलीला किती बारीक जाळी पडणार हे बरंचसं संध्याकाळी वाटतानाच ठरतं.

म्हणूनच डाळ आणि तांदूळ वेगळे वाटायचे. उडीद लोण्यासारखा मऊ हवा, तांदूळ मात्र बारीक रव्यासारखा. दोन्ही एकत्र वाटले तर तांदळाचा दाणा बारीक होईपर्यंत डाळ तापते, किंवा डाळीला पुरेशी हवा मिळण्याआधीच आपण थांबतो. मिक्सरमध्ये वाटण तापतं ही खरी अडचण आहे, दगडी रगड्याला किंवा वेट ग्राइंडरला ती फारशी जाणवत नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर बर्फाचं पाणी घ्यावं आणि मधून मधून थांबावं.

आता आंबण्याकडे वळू. ल्युकोनोस्टॉक पिठात एकटा नसतो. त्याच्याबरोबर आणखी काही लॅक्टिक जिवाणू वाढतात. १९६५च्या त्या अभ्यासात त्याच्या जोडीला जो सापडला, त्याला आज एन्टेरोकोकस फिकॅलिस म्हणतात, आणि उशिरा पेडिओकोकस वंशाचे जिवाणू दिसू लागले. या मंडळींची साखर खाण्याची रीत वेगळी आहे. ते ग्लुकोजच्या एका रेणूचे सरळ दोन तुकडे करतात आणि दोन्ही लॅक्टिक आम्लाचे. वायू अजिबात नाही. म्हणजे तीच सात ग्रॅम साखर यांच्या वाट्याला गेली, तर जवळजवळ सात ग्रॅम लॅक्टिक आम्ल होईल, दुप्पट आंबटपणा येईल आणि पीठ एक रेघही वर चढणार नाही.

यातून एक सरळ निष्कर्ष निघतो आणि तो स्वयंपाकघरात फार कामाचा आहे. पीठ फुगणं आणि पीठ आंबणं ही एकाच गोष्टीची दोन नावं नाहीत. पहिल्या पर्वात दोन्ही हातात हात घालून चालतात, कारण ल्युकोनोस्टॉकचा जोर असतो. आंबटपणा वाढत गेला की ल्युकोनोस्टॉक थकतो, कारण त्याला फार आम्ल सोसत नाही. मग जास्त आम्ल सोसणारे, वायू न करणारे जिवाणू पुढे सरसावतात. आता पीठ आंबट होत राहतं, पण फुगत नाही. उलट बुडबुडे एकमेकांत मिसळतात, फुटतात आणि पीठ बसू लागतं. ‘आणखी थोडा वेळ ठेवलं तर आणखी फुगेल’ ही अपेक्षा इथे फसते. पातेल्याच्या आतल्या बाजूला पीठ जिथवर चढलं होतं तिथे एक वाळलेली कड दिसते आणि पीठ तिच्याखाली गेलेलं असतं. अशी कड दिसली की समजावं, वेळ टळून गेली.

मग यीस्टचं काय? ते पिठात असतं, यात शंका नाही. भारतातल्या निरनिराळ्या अभ्यासांमध्ये पिठातून यीस्टच्या अनेक जाती मिळाल्या आहेत. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि वायू करतं, लॅक्टिक आम्ल करत नाही, म्हणजे ते फुगवायला हातभार लावू शकतं. पण सुरुवातीला त्याची संख्या जिवाणूंच्या तुलनेत फार कमी असते आणि ते वाढतंही सावकाश. त्याला आंबटपणाचा त्रास मात्र होत नाही, त्यामुळे पीठ जुनं होत जाईल तसं त्याला मोकळं रान मिळतं. दोन-तीन दिवसांच्या पिठाला जो किंचित फळासारखा, दारूकडे झुकणारा वास येतो, त्यात यीस्टचा वाटा असतो. माझ्या मते इडलीच्या पिठात यीस्टला साहाय्यकाची जागा द्यावी. वासाला आणि चवीला ते भर घालतं, फुगण्यातही थोडी मदत करतं, पण ते नसलं तरी पीठ फुगतं.

यीस्टच प्रमुख असतं तेव्हा काय होतं हे पाहायचं असेल तर गोव्यात जावं. तिथल्या ख्रिस्ती घरांतली सान्नां इडलीची जवळची बहीण वाटते, पण ती माडाच्या सुरेनं फुगवतात. सूर म्हणजे माडाच्या पोयीतून ठिबकणारा गोड रस. तो उतरवला जात असतानाच त्यात यीस्ट भरभर वाढतं आणि तो फसफसू लागतो. वाटलेल्या तांदळात ही सूर घातली की लाखो-कोटी कार्यरत यीस्टपेशी आणि त्यांना लागणारी साखर दोन्ही एकदम मिळतात, त्यामुळे पीठ रात्रभराऐवजी काही तासांतच वर येतं. चव इडलीपेक्षा गोडसर असते, आंबटपणा कमी. त्याच तांदळाला, त्याच वाफेवर, दुसऱ्या जीवानं फुगवलं की चव कशी बदलते, याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हवामान बदललं की कोणत्या जिवाणूचं पारडं जड होईल तेही बदलतं. ल्युकोनोस्टॉकला वीस ते तीस अंशांची ऊब मानवते. मुंबई-कोकणात वर्षाचा बराच काळ रात्री तेवढी ऊब असते, म्हणून तिथे पीठ फारसं त्रास देत नाही. जानेवारीतल्या पुण्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो. अशा थंडीत जिवाणू मरत नाहीत, फक्त त्यांच्या दुपटीला लागणारा वेळ लांबतो. बारा तासांचं काम अठरा-वीस तासांवर जातं. पीठ आलं नाही म्हणून सकाळी हताश होऊन सोडा घालण्यापेक्षा दुपारपर्यंत थांबणं शहाणपणाचं. ऊब द्यायची असेल तर पातेलं ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा तेवढा लावावा. अमेरिकेत, इंग्लंडात राहणारे अनेक मराठी लोक कडाक्याच्या थंडीतही हेच करतात. ओव्हन चालू मात्र करू नये. दिव्याची ऊब पुरते.

विदर्भातला मे महिना हे याचं दुसरं टोक. नागपूर-चंद्रपूरला रात्रीही घरात पस्तीस अंशांच्या वर तापमान राहतं. एवढ्या उकाड्यात एन्टेरोकोकससारखे उष्णता आवडणारे जिवाणू पुढे निघतात आणि ल्युकोनोस्टॉक मागे पडतो. परिणाम असा की पीठ चार-पाच तासांत चांगलंच आंबतं, पण मनासारखं फुगत नाही. इथे उपाय वेळ वाढवण्याचा नाही, गारवा देण्याचा आहे. वाटताना बर्फाचं पाणी घ्यावं, पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून किंवा पाण्याच्या परातीत ठेवावं. रात्रीऐवजी पहाटे लवकर कालवून सकाळी दहाच्या सुमारास वाफवावं, हेही जमतं.

मीठ कधी घालावं हा वादही इथेच सुटतो. मीठ जिवाणूंना मंदावतं. पिठाच्या वजनाच्या शेकडा एक या प्रमाणात घातलेलं मीठ ल्युकोनोस्टॉकला सहज सोसतं. नको असलेल्या कित्येक जिवाणूंना ते अधिक जाचतं. म्हणून उन्हाळ्यात मीठ आधी घालावं, म्हणजे आंबण्याला लगाम बसतो. थंडीत पीठ आल्यावर घालावं, म्हणजे होती ती गती टिकते. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त ऋतू ओळखून वापरायच्या.

पीठ बिघडलं तर नेमकं काय चुकलं हे ओळखता येतं, आणि त्यासाठी नाक आणि डोळे दोन्ही वापरावे लागतात. पीठ फुगलं नाही आणि वासही कच्च्या डाळीचाच आहे, तर जिवाणूंना वेळ किंवा ऊब कमी पडली आहे. काही करू नये, थांबावं. पीठ फुगलं नाही पण वास आणि चव आंबट आहे, तर काम झालं आहे आणि वायू निसटला आहे किंवा झालाच नाही. असं झालं की डाळ जुनी होती का, वाटण तापलं का, हवा कमी कोंडली का, पाणी जास्त झालं का, की उकाडा फार होता, हे तपासावं. पीठ वर आलं आणि तळाशी रव्याचा थर बसून मधे पाणी सुटलं, तर पीठ पातळ होतं. चमच्यातून सोडताना ते धारेनं वाहू नये, जाडसर पडावं. वर काळे, गुलाबी किंवा हिरवट डाग दिसले, किंवा कुजकट वास आला, तर ती बुरशी किंवा भलतेच जिवाणू आहेत. वरचा भाग काढून खालचं वापरण्याचा मोह टाळावा आणि सगळं पीठ टाकून द्यावं.

इनो किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या झटपट इडलीत वायू रसायनातून येतो. तिलाही जाळी पडते. पण लॅक्टिक आम्लाची चव तिला येत नाही, शिवाय डाळीतलं फायटिक आम्ल आंबवताना कमी होतं आणि लोह, जस्त शरीराला अधिक मिळतं, तेही इथे होत नाही. आंबलेल्या पिठात सोडा घातला तर तो पिठातल्या आम्लाशी क्रिया करून वायू सोडतो आणि आंबटपणा खातो. फार आंबलेलं पीठ वाचवायला चिमूटभर सोडा ठीक आहे. नेहमीची सवय म्हणून नको.

शेवटचं काम वाफ करते. इडलीपात्रातलं पाणी आधी खळखळून उकळू द्यावं, मगच साचे आत ठेवावेत. पीठ घेताना पातेलं ढवळू नये, डाव कडेनं अलगद घालून उचलावा, कारण रात्रभरात भरलेले बुडबुडे ढवळण्यानं फुटतात. वाफ लागली की बुडबुड्यातला वायू प्रसरण पावतो. तीस अंशांवरून शंभरावर जाताना त्याचा आकार जवळपास पावपट वाढतो, त्यात पाण्याची वाफ भर घालते, आणि पिठात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडून बुडबुड्यांत येतो. इडली साच्यात टम्म होते ती यामुळे. सत्तर अंशांच्या पुढे तांदळाचं पिष्ट फुलून घट्ट होऊ लागतं, उडदाचं प्रथिनही घट्ट होतं, आणि बुडबुड्यांच्या भिंती होत्या तिथेच पक्क्या होतात. पाणी नीट उकळण्याआधी साचे ठेवले तर भिंती पक्क्या व्हायच्या आत बुडबुडे फुटतात आणि इडली दडस होते. दहा-बारा मिनिटं पुरतात. जास्त ठेवली तर कोरडी पडते.

राहिली नेमकी वेळ ओळखण्याची बाब. त्यासाठी पातेल्यातलं थोडं पीठ एका उभ्या काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरावं, पातळीला रबर बांधून खूण करावी आणि बरणी पातेल्याशेजारी ठेवावी. पातेल्यात काय चाललं आहे ते बरणीच्या भिंतीतून दिसतं: आधी मोहरीएवढे बुडबुडे, मग खुणेच्या वर चढणारं पीठ. पातळी चढायची थांबली आणि अजून खाली आलेली नाही, ती खरी वेळ. तेवढ्यात इडल्या लावाव्यात. सगळं पीठ लागणार नसेल तर उरलेलं तेव्हाच फ्रिजमध्ये टाकावं, कारण बाहेर राहिलं तर ते यापुढे फक्त आंबत जाईल.